दुसऱ्या बाईचं बरोबर उत्तर

आधी प्रश्न वाचा.

एका बाईची तासाभरापूर्वी नॉर्मल डिलिव्हरी झाली आहे. दुसरं बाळंतपण. वार पूर्ण पडली आहे. १५ मिनिटांपूर्वी बदललेलं पॅड आता पूर्ण भिजलं आहे. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय बेंबीच्या पातळीला, मधोमध, पण मऊ लागतं. अर्ध्या तासापूर्वी तिने लघवी केली आहे. नाडी १०४, बीपी ११०/७०. नर्सने सर्वांत आधी काय करावं?

अ) गर्भाशयाला मसाज करावा
ब) मूत्राशय रिकामं करायला मदत करावी
क) आत कुठे फाटलं आहे का हे बघण्यासाठी डॉक्टरांना बोलवावं आणि तपासणीची तयारी करावी
ड) तिला आडवं झोपवून नाडी आणि बीपी पुन्हा बघावं

उत्तर अ आहे. वार सुटल्यावर तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद करायला शरीराकडे एकच मोठा उपाय असतो: गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि त्यांच्या जाळीत या वाहिन्या चिमटल्या जातात. गर्भाशय मऊ आहे याचा अर्थ ही चिमटी सुटलेली आहे. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं, त्यामुळे ती पुन्हा बसवायला फार वेळ नसतो. बीपी ठीक दिसतंय यावर विसंबूनही चालत नाही. तरुण बाईचं शरीर बराच वेळ बीपी सांभाळून धरतं. नाडी आधी वाढते, बीपी नंतर पडतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. हे सगळं मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. माझी आत्या सरकारी दवाखान्यांमधल्या लेबर रूममध्ये बरीच वर्षं सिस्टर होती आणि निवृत्तीनंतर एका नर्सिंग कॉलेजमध्ये शिकवते. तिला प्रश्नपेढी कॉम्प्युटरवर आणायची होती. माझं काम खरं तर एक्सेल शीट बनवण्याचं होतं. पण टाइप करता करता मी मधेमधे बोलायला लागले, आणि एक दिवस आत्या म्हणाली, "एवढं कळतंय तर लिही की तूच एखादा."

मी लिहिला. "प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचं सर्वांत सामान्य कारण कोणतं?" चार पर्याय, बरोबर उत्तर गर्भाशय सैल पडणं. आत्याने वाचला आणि म्हणाली, "बरोबर आहे. पण हे पोरींना पाठच असतं. रात्री तीन वाजता बाई कारण सांगत येत नाही. ती पॅड भिजवते."

मग मी रक्तस्रावाची व्याख्या विचारली आणि पर्यायांत ४००, ५००, ६००, ७०० मिलिलिटर टाकले. तोही गेला. "यात जिचं चुकेल, तिचं काय चुकलं म्हणायचं? आकडा विसरली, एवढंच ना?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चार पर्यायांच्या प्रश्नात खरं लिखाण बरोबर उत्तराचं नसतं. बरोबर उत्तर पुस्तकात आहे. लिहायची असतात ती तीन चुकीची उत्तरं. आणि ती अशी लिहायची असतात की विचार करणाऱ्या, अभ्यास केलेल्या मुलीलाही ती खरी वाटावीत. इंग्रजीत त्यांना डिस्ट्रॅक्टर म्हणतात. आत्या त्यांना चकवे म्हणते. रानात रात्री वाट चुकवून माणसाला त्याच जागी गोल फिरवतो, तो चकवा.

शब्द ऐकून मला जरा अडखळायला झालं. आपण बसून, चहा पीत, खोटी वाक्यं खऱ्यासारखी घडवतोय. कोणी वीस वर्षांची मुलगी त्यांच्यावर विश्वास ठेवेल अशी आशा करतोय. शिकवणाऱ्याने हे करावं का? वर्गात हीच चार वाक्यं तोंडी म्हणून तीन खोटी पेरली असती, तर आपण त्याला फसवणूकच म्हटलं असतं.

मी हे आत्याला विचारलं. तिने सरळ उत्तर दिलं नाही. वरच्या प्रश्नातल्या पर्याय क वर बोट ठेवून म्हणाली, "हा कोणाचा आहे ते विचार."

मग तिने सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली रात्रपाळी. बाळंतीण ठीक होती, पण अंगावरून लाल रक्त येत होतं, बारीक धार लागल्यासारखं, थांबतच नव्हतं. आत्याला पक्कं शिकवलेलं: रक्तस्राव म्हणजे गर्भाशय सैल, आणि सैल म्हणजे मसाज. ती मसाज करत राहिली. हाताखाली गर्भाशय कडक लागत होतं. तिला ते जाणवतही होतं. पण तिला वाटलं, आपल्या मसाजने कडक झालंय, म्हणजे आपलं बरोबर चाललंय. प्रत्यक्षात ते आधीपासूनच कडक होतं. रक्त गर्भाशयाच्या तोंडाशी फाटलेल्या जागेतून येत होतं, आणि तिथे कितीही मसाज केला तरी पोहोचत नाही. तिथे डोळे, उजेड आणि टाके लागतात. हे लक्षात यायला पाऊण तास गेला. बाईला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं, रक्त चढवावं लागलं. बाई वाचली.

"त्या रात्री पर्याय क बरोबर होता," आत्या म्हणाली. "मी अ ला टिक केली."

मी प्रश्न पुन्हा वाचला. त्यातला 'मऊ' शब्द खोडून 'कडक' लिहिला, आणि 'पॅड पूर्ण भिजलं' च्या जागी 'लाल रक्ताची बारीक धार चालूच आहे' असं केलं. चारही पर्याय तेच ठेवले. उत्तर अ वरून क वर सरकलं.

मग आत्याने बाकीचे दोन दाखवले. गर्भाशय बऱ्यापैकी कडक आहे, पण बेंबीच्या दोन बोटं वर आणि उजवीकडे सरकलंय, स्राव नेहमीपेक्षा थोडा जास्त आहे, आणि बाळंतपणानंतर बाईने लघवीच केलेली नाही. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर आणि बाजूला ढकलतं आणि त्याला नीट आवळू देत नाही. तिथे उत्तर ब. आणि चौथी बाई: पहिल्यांदाच उठून बाथरूमकडे निघाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. गर्भाशय कडक, मधोमध, पॅडवर नेहमीइतकाच स्राव. तिला आधी आडवं करायचं, मग नाडी-बीपी. उत्तर ड.

म्हणजे चार पर्याय, चार बाया. प्रत्येक चकवा दुसऱ्या कोणत्या तरी बाईचं बरोबर उत्तर आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं असं वाटतं. फसवणूक आणि चकवा यांतला फरक वाक्य खोटं असण्या-नसण्यात नाही. पर्याय क हे खोटं वाक्य नाहीच. ते एका बाईचा जीव वाचवणारं वाक्य आहे. प्रश्न फक्त एवढाच विचारतो की समोर कोणती बाई आहे हे तू बघितलंस का. ज्या पर्यायामागे अशी कोणतीच बाई उभी करता येत नाही, तो एकतर विनोद असतो किंवा सापळा. ५०० च्या शेजारी ४०० हा सापळा. 'खालीलपैकी कोणतं करू नये' असं विचारून 'नये' बारीक अक्षरात ठेवणं हाही सापळाच. त्यात अडकणारीचं वाचन चुकतं, नर्सिंग नाही.

आमच्या कामात याच्याशी जुळणारी एक पद्धत आहे, म्युटेशन टेस्टिंग. चालणाऱ्या कोडमध्ये मुद्दाम एक बारीक बदल करायचा, समजा `<` च्या जागी `<=`. तरीही सगळ्या टेस्ट पास झाल्या, तर कोड उत्तम असल्याचं ते लक्षण नाही. तुमच्या टेस्ट ती जागा तपासत नव्हत्या, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. मी प्रश्नांना तेच लावायला लागले. रुग्णाच्या वर्णनातलं एक लक्षण बदलायचं आणि बघायचं, उत्तर हललं का? 'मऊ' चं 'कडक' करूनही उत्तर तेच राहत असेल, तर मुलगी वर्णन न वाचता, 'रक्तस्राव' हा एकच शब्द बघून टिक करत असणार. तो प्रश्न बाहेरून रुग्णाची गोष्ट आणि आतून पाठांतर असतो. आमच्या जुन्या प्रश्नपेढीतले बरेच प्रश्न असे निघाले.

*

आता माझी चूक सांगते, कारण खरी अडचण तिथे कळली.

चार बायांची युक्ती सापडल्यावर मला हुशारी सुचली. प्रश्न अजून अवघड करावा म्हणून मी पहिल्या बाईच्या वर्णनात एक लक्षण वाढवलं: गर्भाशय मऊ आहे, आणि उजवीकडे सरकलेलंही आहे. लघवीचा उल्लेख काढून टाकला. उत्तर अ च ठेवलं. मला वाटलं, ब चा चकवा आता आणखी धारदार झाला. आत्या त्या आठवड्यात गावी होती. फोनवर तिने "ठीक आहे" म्हटलं आणि प्रश्न वर्गाच्या परीक्षेत गेला.

६० मुलंमुली. निकाल आल्यावर मी नेहमीचं गणित केलं. एकूण गुणांप्रमाणे वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढायचे, इथे प्रत्येकी १६ जण. मग प्रत्येक प्रश्नासाठी वरच्या गटात किती बरोबर आणि खालच्या गटात किती, याची वजाबाकी करून १६ ने भागायचं. चांगल्या प्रश्नात उत्तर शून्याच्या बरंच वर येतं, कारण ज्यांना विषय येतो त्यांना तो प्रश्नही जास्त यायला हवा. माझ्या प्रश्नात वरच्या १६ पैकी ५ बरोबर होते आणि खालच्या १६ पैकी ९. उत्तर उणे ०.२५.

उणे आकडा बघितला की बहुतेक वेळा एकच समजायचं असतं: चूक मुलांची नाही, उत्तरतालिकेची आहे. वरच्या गटातल्या बहुतेकांनी ब ला टिक केली होती.

त्यांच्यातल्या एकीने आत्याला गाठलं. "मॅडम, मूत्राशय भरलेलं असेल तर मसाजने गर्भाशय कडक होईलही, पण राहील का?"

राहणार नाही. हात काढला की ते पुन्हा सैल पडू शकतं. दुसरीकडे, बाईला एवढं रक्त जात असताना मसाज सोडून कॅथेटर शोधत बसणंही चूकच. आत्या म्हणाली की वॉर्डात हा प्रश्नच पडत नाही. एक हात पोटावर ठेवायचा, तोंडाने ओरडून माणसं बोलवायची आणि दुसरीला सांगायचं, कॅथेटर आण. तीन गोष्टी एकदम. 'सर्वांत आधी' हे शब्द कागदावरचे आहेत. लक्षणं स्पष्टपणे एकाच बाजूला बोट दाखवत असतात तेव्हा ते शब्द न्याय्य असतात. मी दोन बायांची लक्षणं एकीवर लादली होती आणि मग जिने दुसरं लक्षण नीट वाचलं, तिचाच मार्क कापला.

हे मला अजून बोचतं. सापळ्यात निष्काळजी मुलगी अडकते, पण माझ्या प्रश्नात काळजीपूर्वक वाचणारी अडकली. आणि परीक्षेने तिला शिकवलं काय? की एवढं खोलात बघू नकोस, पहिलं लक्षण दिसलं की टिक कर. म्हणजे त्या रात्री आत्याने जे केलं, तेच.

आत्याने अ आणि ब दोन्हींना मार्क द्यायचं ठरवलं. मी विरोध केला. ज्यांनी सरकलेल्या गर्भाशयाकडे लक्षच न देता अ निवडला, त्यांना फुकटचा मार्क का?

"मिळू दे," ती म्हणाली. "चूक आपली. तिची फी पोरींनी का भरायची?"

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. निर्णयाचा प्रश्न परीक्षेत जाण्याआधी वेगवेगळ्या दवाखान्यांत काम केलेल्या दोन सिस्टर तो उत्तरतालिका न बघता सोडवतात. दोघींचं उत्तर वेगळं आलं तर आम्ही त्यांना आमचं उत्तर पटवत बसत नाही. वर्णन दुरुस्त करतो, नाहीतर प्रश्न टाकून देतो. 'योग्य निर्णय' म्हणजे मी तालिकेत लिहिलेलं अक्षर नव्हे. एकाच बाईला बघून दोन जाणत्या माणसांना एकमेकींना न विचारता जे करावंसं वाटेल, ते. यात एक तोटा आहे आणि तो मान्य करायला हवा: ज्या प्रसंगांत जाणत्या माणसांचंही एकमत होत नाही, ते सर्वांत अवघड प्रसंग अशा परीक्षेत येऊच शकत नाहीत. ते वॉर्डातच शिकावे लागतात.

*

आणखी एका चकव्याबद्दल आमचं भांडण झालं. 'डॉक्टरांना कळवावं.'

प्रश्न लिहिणाऱ्यांचा हा लाडका चकवा आहे. चौथा पर्याय सुचत नसला की तो टाकला जातो. रुग्णाजवळ उभ्या असलेल्या नर्सला स्वतः काहीतरी करता येत असताना फोनकडे धावणं चूक, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. पण हा पर्याय प्रश्नामागून प्रश्नात चुकीचा म्हणूनच येत राहिला की मुलं त्यातून नियम काढतात. आत्याच्या वर्गातल्या एका मुलाने मला अगदी विश्वासाने सांगितलं होतं, "डॉक्टरवाला पर्याय कधीच नसतो ताई, तो आधी खोडायचा." सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो आणि 'नेहमी', 'कधीच नाही' असे शब्द असलेला चूक असतो, हे नियमही त्याला पाठ होते.

लांबीचा नियम मोडणं सोपं होतं. बरोबर उत्तर अचूक करायच्या नादात आपण त्यालाच जास्त शब्द देतो, एवढंच त्याचं कारण. आम्ही चारही पर्याय साधारण सारख्या लांबीचे करायला लागलो. डॉक्टरवाल्या पर्यायाचं मात्र मला गंभीर वाटलं. मी म्हणाले, तो काढूनच टाकू. आत्या म्हणाली, काढायचा नाही, त्याची बाई शोधायची. तिच्या मते आपल्याकडे नर्सच्या दोन चुका आहेत आणि त्या उलट दिशांच्या आहेत. एक, डॉक्टर ओरडतील म्हणून मध्यरात्री फोन न करणं. दुसरी, डॉक्टर येईपर्यंत हात बांधून बसणं. पर्याय नेहमी चुकीचा ठेवला तर दुसरी चूक कमी होईल, पण पहिली आपण परीक्षेतून शिकवू. कडक गर्भाशय आणि न थांबणारी लाल धार, या बाईसाठी डॉक्टरांना बोलवणं हाच निर्णय आहे, कारण फाटलेली जागा शोधून टाके घालणं तिथल्या एकट्या सिस्टरच्या हातात नाही. म्हणून आमच्या प्रश्नपेढीत हा पर्याय आता काही ठिकाणी बरोबर असतो आणि काही ठिकाणी चूक. तो न वाचता खोडता येत नाही.

म्हणजे चुकीचं उत्तर लिहिणाऱ्याची जबाबदारी एका प्रश्नापुरती नसते. एक पर्याय एकदा चुकीचा ठरला तर ती परीक्षा. तोच वीस प्रश्नांत चुकीचा ठरला तर ते शिक्षण, आणि ते आपण न ठरवता दिलेलं असतं.

*

एक गोष्ट मात्र कोणत्याही चकव्याने तपासता येत नाही. आमचा प्रश्न सुरू होतो तेव्हा 'गर्भाशय मऊ लागतं' हे आम्ही सांगून टाकलेलं असतं. लेबर रूममध्ये हे कोणी सांगत नाही. तिथे कोणाच्या तरी मनात यावं लागतं की आता पोटावर हात ठेवून बघू. पॅड कोरडं दिसलं तरी बाईला कुशीवर वळवून खाली बघू, कारण रक्त पाठीखाली साचलेलं असू शकतं. आपण निर्णय म्हणतो त्याचा अर्धा भाग हा असा, काय बघायचं ते ठरवण्याचा असतो, आणि तो प्रश्न वाचणाऱ्याच्या आधी प्रश्न लिहिणाऱ्यानेच करून टाकलेला असतो. काही प्रश्नांत आम्ही लक्षणं मुद्दाम अपुरी ठेवतो आणि 'सर्वांत आधी काय तपासाल' असं विचारतो. पण तिथेही तपासायच्या चार गोष्टी आम्हीच समोर मांडलेल्या असतात.

त्यावर आत्याने एक साधा उपाय केला. माझ्या एक्सेल शीटला तो अजिबात झेपत नाही. दर परीक्षेत निर्णयाच्या एका प्रश्नाखाली एक रिकामी ओळ असते. त्यात लिहायचं: तू नाकारलेल्यांपैकी कोणताही एक पर्याय घे, आणि तो बरोबर ठरायला या बाईत काय वेगळं असायला हवं होतं ते सांग. ६० ओळी ती हाताने तपासते. काहींनी प्रश्नच उलटा करून लिहिलेला असतो, काहींनी पुस्तकातली व्याख्या. पण जिला खरंच कळलंय, तिची ओळ छोटी असते.

मागच्या वेळी मी तिच्या शेजारी बसून मार्क भरत होते. एका पेपरवर क निवडून पुढे तीनच शब्द लिहिले होते: "गर्भाशय कडक असतं." आत्याने पूर्ण मार्क दिले. मग पेपर खाली न ठेवता मला विचारलं, "नाव काय गं हिचं?"